कोण कुठच्या वाटेने आलं? घरच्या मेळाव्यात ग्लास उंचावण्याआधीचं दीड मिनिट

आमच्याकडे देवगड तालुक्यात घरचं मोठं कार्य असलं की हल्ली जेवणाआधी कोणीतरी उभं राहून चार शब्द बोलतं आणि सगळे हातातला ग्लास वर करतात. ही पद्धत लग्नाच्या हॉलमधून घराच्या खळ्यात कधी आली ते कोणालाच आठवत नाही. ग्लासात अर्थात कोकम सरबत असतं. चार शब्द बोलायचं काम बहुतेक वेळा अशा माणसाच्या गळ्यात पडतं ज्याने आयुष्यात कधी माईक धरलेला नाही, आणि तो बिचारा सुरुवातीलाच अडतो. मुंबई, पुणे, बडोदा, बेळगाव अशा ठिकाणांहून चाळीस माणसं आलेली असतात. त्यांचं स्वागत करायचं म्हणजे नक्की काय म्हणायचं?

हा लेख तेवढ्या सुरुवातीपुरताच आहे. पुढे ज्याच्यासाठी कार्य आहे त्याच्याबद्दल काय बोलायचं हे तुमचं तुम्ही बघा. उदाहरण घेतलंय ते आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचं. वयाची ऐंशी वर्षं उलटून नऊ-दहा महिने झाले की हजार पौर्णिमा होतात, म्हणून हा सोहळा एक्याऐंशीच्या आसपास करतात. महिना मे, म्हणजे मुलांना सुट्टी आणि घरात आंबे.

आधी यादी, पण नावांची नव्हे

मी पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा कागदावर त्रेचाळीस नावं लिहून घेतली होती आणि ती सगळी वाचली. चार मिनिटं लागली. पंधराव्या नावापासून लोक फक्त आपलं नाव कधी येतं याची वाट बघत होते, आणि ते येऊन गेलं की शेजारच्याशी बोलायला लागत होते. एवढं करूनही एक काकी राहिली. ती दोन दिवस आधी कोकणकन्येने येऊन स्वयंपाकघरात नारळ खवत बसली होती. सगळ्यांआधी आलेलं माणूस मांडवात दिसलंच नाही, म्हणून माझ्या यादीतही आलं नाही. काकी काही बोलली नाही. पण त्या दिवशी सोलकढी वाढायला ती माझ्या पंगतीकडे फिरकली नाही.

तेव्हापासून मी नावांची यादी करत नाही, वाटांची करतो. आठवडाभर आधी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एवढंच विचारायचं: कोण कुठून, कशाने, कुठच्या रस्त्याने आणि कधी येणार? उत्तरं आली की ती वहीत शहराप्रमाणे लिहू नका, घराच्या दारापर्यंत येणाऱ्या रस्त्याप्रमाणे लिहा. आमच्या उदाहरणात ती अशी झाली.

मुंबई आणि ठाण्याची माणसं काही रेल्वेने कणकवलीला उतरली, काही गाडीने महामार्गावरून आली. बडोद्याची आते आणि आतोबा वसईला गाडी बदलून त्याच कोकण रेल्वेने आले. हा झाला एक गट, उत्तरेकडचा. पुण्याची दोन कुटुंबं आणि कोल्हापूरचे काका यांची शहरं वेगळी, पण दोघेही गगनबावड्यावरून करूळ घाट उतरून वैभववाडी, तळेरे करत आले. हा दुसरा. बेळगावचे मामा आंबोली घाटाने सावंतवाडीत उतरले, आणि बंगळूरला नोकरीला असलेला त्यांचा भाचा बसने बेळगावला येऊन त्यांच्याच गाडीत बसला. हा तिसरा.

सात शहरांच्या जागी तीनच वाटा उरल्या. ऐकणाऱ्याला तीन गोष्टी ध्यानात राहतात, सात राहत नाहीत. शिवाय एका वाटेने आलेल्यांचा अनुभव बराचसा सारखा असतो, त्यामुळे एका वाक्यात सगळ्यांना धरता येतं.

कार्याच्या दिवशी सकाळी यादी पुन्हा ताडून बघायला हवी. कोणाचं तरी तिकीट वेटिंगवरच राहिलेलं असतं, कोणाच्या तरी पोराला ताप आलेला असतो. न आलेल्या माणसाचं भर मांडवात स्वागत करणं यासारखी फजिती नाही. आणि बोलायच्या पाच मिनिटं आधी स्वयंपाकघरात, मागच्या पडवीत आणि विहिरीवर जाऊन तिथल्या सगळ्यांना बाहेर बोलवा. माझ्या काकीसारखी माणसं तिथेच असतात.

क्रम कशावरून लावायचा

इथे घोळ होतो. वयाप्रमाणे लावला तर दोन काकांत मोठा कोण याचा वाद निघतो. (निघतोच. एकाचा जन्मदाखला आणि आजीची आठवण जुळत नाही.) अंतराप्रमाणे लावला तर दर वेळी लांबचा पाहुणा पहिला आणि कोल्हापूरचे काका शेवटी, जणू जवळ राहणं हा त्यांचा गुन्हा. मुंबईकरांना पहिलं घ्यायची तर सवयच असते, कारण चाकरमानी संख्येने जास्त. पण पुणेकरांच्या ते बरोबर लक्षात येतं.

मी नकाशा धरतो. उत्तरेकडून सुरू करायचं, मग घाटावरून, मग दक्षिणेकडून, आणि हा क्रम पहिल्याच वाक्यात सांगून टाकायचा. एकदा सांगितलं की त्यात मानपान शोधायला कोणाला जागा उरत नाही. दिशेवर कोण रुसणार?

फक्त एक अपवाद ठेवा. ज्याच्यासाठी कार्य आहे ते माणूस या यादीत कुठच्याच गटात बसत नाही. त्याला पहिल्या वाक्यात नमस्कार करायचा किंवा शेवटासाठी राखायचं. शेवटासाठी राखायला कारण हवं. आमच्याकडे ते होतं, आणि ते कुठून मिळालं ते पुढे येतंय.

एका गटाला एक वाक्य, आणि त्यात एक खरी गोष्ट

"मुंबईहून आलेल्या सर्वांचे हार्दिक स्वागत" हे वाक्य चुकीचं नाही, पण ते ऐकून कोणीही मान वर करत नाही. त्याच गटाला "रात्रभर बसून आलात, कणकवलीला उतरल्यावर पहिला चहा घेतलात, तोवर आमच्या इकडे घावनांचं पीठ वाटून झालं होतं" असं म्हटलं की चेहरे बदलतात. फरक एवढाच की दुसऱ्या वाक्यात त्यांचा प्रवास आहे.

ही खरी गोष्ट कशी निवडायची त्याचे दोन-तीन नियम मी चुकत चुकत शिकलो. ती त्या वाटेने आलेल्या सगळ्यांना लागू पडली पाहिजे. घाटात कोणाला उलटी झाली, कोणाची गाडी बंद पडली, ही एकाची गोष्ट असते. सगळे हसतात आणि तो एक जण दिवसभर ओशाळलेला राहतो. करूळ घाटाची वळणं ही मात्र सगळ्यांची. दुसरं म्हणजे ती याच प्रवासातली हवी, आदल्या रात्री किंवा त्या सकाळी विचारून घेतलेली. "रस्ता कसा होता?" एवढं विचारलं की माणसं आपणहून सांगतात, कारण कोकणात पोचलेल्या माणसाला रस्त्याबद्दल बोलायचंच असतं. आणि तिसरं, रस्त्याच्या खड्ड्यांवर एकच विनोद पुरे. महामार्ग हा विषय निघाला की मांडवातले सगळे पुरुष तज्ज्ञ होतात आणि तुमचं बोलणं तिथेच संपतं.

खोच असलेली वाक्यं टाळा. "एवढ्या वर्षांनी का होईना, आलात" हे बोलणाऱ्याला प्रेमळ वाटतं, पण ऐकणाऱ्याला तो हिशेब वाटतो. "कामधंदा सोडून वेळ काढलात" याचंही तसंच. ज्याने खरंच बिनपगारी रजा टाकलीय त्याला ते लागतं, आणि ज्याला काम नाही त्यालाही लागतं.

शब्दांत अडकायच्या जागा

"पाहुणे" हा शब्द या दीड मिनिटात अजिबात नको. बडोद्याच्या आतेचा जन्म याच घरातला. तिला तिच्याच खळ्यात पाहुणी म्हणणं म्हणजे तिला परकं करणं. ती माहेरवाशीण. आतोबा मात्र जावई, त्यांचा मान वेगळा, म्हणून "आते आणि आतोबा" असा दोघांचा एकत्र उल्लेख करा, त्यांना नुसत्या "मंडळी"त बुडवू नका. नावं घ्यायची तर अशी नात्याचीच, आणि तीही प्रत्येक गटात एखाद-दुसरंच. कोणाचं घ्यायचं? ज्यांना सगळे एकाच नात्याने ओळखतात त्यांचं. बाकीचे गटात येतात.

शहरापुढे "कर" लावताना जपा. आपल्याकडे गावावरून आडनावं पडलेली. "बेळगावकर मंडळी" म्हटलं आणि घरात त्या आडनावाची सून असली की लोक तिच्याकडे बघायला लागतात. मुंबईकर, पुणेकर चालतात. बाकी ठिकाणी "बेळगावहून आलेले" असं सरळ म्हणा. "हून" म्हणा, "वरून" नको. पुण्याहून, ठाण्याहून, बडोद्याहून. "ठाण्यावरून" म्हटलं की माणूस ठाणं ओलांडून आला असं वाटतं. वाट सांगायची असेल तिथे मात्र "वरून" हवंच: पुण्याहून निघाले आणि गगनबावड्यावरून आले.

गटाशी बोलताना शेवटपर्यंत "तुम्ही". भाच्याला एरवी अरे-तुरे करत असलात तरी गटात तो मामांबरोबर आहे.

मालवणी घालावी का? घरात बोलत असाल तर जरूर, एखाददुसरं वाक्य. "कदी इलास?" हा प्रश्न आमच्याकडे दारात आलेल्या प्रत्येकाला विचारतातच, तो मांडवातही शोभतो. "येवा, कोकण आपलाच असा" मात्र नको. ते पर्यटकांसाठीच्या पाट्यांवर असतं, आणि घरच्यांना घर त्यांचंच आहे हे सांगायची गरज नसते.

काही जण गाऱ्हाण्याची चाल घेतात, म्हणजे एकाने बोलायचं आणि सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. जोर येतो, हे खरं. पण गाऱ्हाणं देवाला घालतात, आणि सकाळी देवासमोर खरं गाऱ्हाणं झालेलं असताना दुपारी सरबतासाठी त्याची नक्कल करणं काही वडीलधाऱ्यांना रुचत नाही. त्यांना आधी विचारा. आम्ही त्याऐवजी सोपी युक्ती केली. मी विचारायचं "इलास मां?" आणि त्या गटाने ओरडायचं "इलाव!" मुलांना आदल्या संध्याकाळी शिकवून ठेवलं होतं. मुलं ओरडली की मोठे ओरडतातच.

ग्लासातलं

सोलकढी जेवणाबरोबर उत्तम, पण ग्लासांत ओतून ठेवायला वाईट. अर्धा तास उभी राहिली की नारळाचं दूध वर आणि पाणी खाली असे थर दिसायला लागतात, आणि मेच्या उकाड्यात ती फार वेळ टिकतही नाही. ग्लास उंचवायला अमृत कोकमाचं सरबत बरं. प्रत्येकाला अर्धा ग्लास, म्हणजे साधारण 100 मिली. चाळीस माणसांना 4 लिटर, सांडलवंड धरून 5. एक लिटर अमृत कोकमात 4 लिटर थंड पाणी, चवीला मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. चव बाटलीगणिक बदलते, म्हणून पाणी सगळं एकदम ओतू नका. कोकम आंबट, तेव्हा ते स्टीलच्या पातेल्यात कालवा. पितळ किंवा ॲल्युमिनियम नको. ज्यांना साखर वर्ज्य आहे त्यांच्यासाठी आगळात, म्हणजे कोकमाच्या बिनसाखरेच्या रसात, पाणी आणि मीठ घालून वेगळा तांब्या ठेवा. रंग सारखाच दिसतो, म्हणून त्या ग्लासांचा ट्रे वेगळा असू द्या.

ग्लास बोलायला सुरुवात होण्याआधी सगळ्यांच्या हातात पोचलेले हवेत. बोलणं सुरू असताना ट्रे फिरला की कोणी ऐकत नाही. आणि पानं वाढायच्या आधी बोला. भात वाढल्यावर बोलायला उभं राहणाऱ्या माणसावर वाढपी आणि जेवणारे दोघेही वैतागतात.

कुठे उभं राहायचं

ओटीच्या वरच्या पायरीवर, तोंड खळ्याकडे. घर समुद्राजवळ असेल तर दुपारी वारा समुद्राकडून येतो, म्हणून जमल्यास समुद्र तुमच्या पाठीशी ठेवा. मग आवाज वाऱ्याबरोबर लोकांकडे जातो. उलटं उभं राहिलात तर पुढच्या दोन रांगांपलीकडे काही पोचत नाही. चाळीस माणसांना माईक लागत नाही, आणि वीज गेली तर त्याचा उपयोगही नाही. कागद हातात धरायला लाजू नका, फक्त अक्षर मोठं काढा आणि तिन्ही वाटांच्या मध्ये एकेक ओळ मोकळी सोडा. घरी मोठ्याने वाचून घड्याळ लावा. दीड मिनिटाच्या वर जात असेल तर एखादं वाक्य कापा.

जे व्हिडिओ कॉलवर आहेत त्यांना प्रत्यक्ष आलेल्यांच्या नंतर एका वाक्यात घ्या. त्यांचं आधी घेतलं आणि नेटवर्क गेलं की सगळा मांडव फोनकडे बघत बसतो.

आता ते कारण

वाटांची यादी करताना मी आजीला सहज म्हटलं, उत्तरेकडून आले, घाटावरून आले, दक्षिणेकडून आले, पश्चिमेकडून मात्र कोणी नाही, तिथे समुद्रच आहे. ती म्हणाली, "मी इलंय मां." लग्न होऊन ती मुंबईहून या घरी आली ती बोटीने. तेव्हा मुंबईहून निघणाऱ्या आगबोटी कोकणातली बंदरं घेत खाली जायच्या. पावसाळ्यात त्या बंद. बोट किनाऱ्याला लागत नसे, ती बाहेर खोल पाण्यात थांबायची आणि माणसं पडावात, म्हणजे होडीत, उतरून बंदरावर यायची. आजी शालू सावरत पडावात उतरली, आणि तिची ट्रंक मागच्या पडावातून आली. मला चाळीस वर्षांत हे माहीत नव्हतं.

म्हणून मी आजीला शेवटी ठेवलं. तुमच्या घरात बोट नसेल, पण जुन्या माणसाला "तुम्ही या घरी पहिल्यांदा कुठच्या वाटेने आलात?" हे विचारून बघा. बैलगाडी निघेल, होडी निघेल, चालत ओलांडलेली खाडी निघेल. त्या दिवशी बोललो ते असं होतं:

"मंडळी, ग्लास हातात आहेत ना? अजून पिऊ नका. सगळ्यांचं नाव घेत बसलो तर भात निवेल, म्हणून मी नकाशाप्रमाणे जातो. वरून खाली.

उत्तरेकडचे आधी. मुंबई आणि ठाण्याहून आलेले, आणि बडोद्याहून आलेल्या आपल्या आते नि आतोबा. कोणी बसून आलात, कोणी उभ्याने, आणि आते तर वसईला रात्री गाडी बदलून आली. दोन दिवस आधी येऊन कामाला लागलात ते स्वयंपाकघरातलेही यातच. इलास मां?

आता घाटावरचे. पुण्याहून दोन गाड्या, कोल्हापूरहून काका-काकी. करूळच्या वळणांवर खिडक्या उघडल्यात आणि खालची गरम हवा लागली तेव्हा घर आलं असं वाटलं, हे काकींनी काल सांगितलं. इलास मां?

आणि दक्षिणेकडचे. बेळगावहून मामा, त्यांच्यासोबत बंगळूरहून आमचा भाचा. आंबोलीत धुकं होतं आणि सावंतवाडीत घाम. इलास मां?

इथे राहून खळं सारवणारे, मांडव घालणारे, तुम्ही कुठून आला नाहीत, म्हणून बाकीचे येऊ शकले. फोनवरून बघताय तेही ऐका.

राहिली पश्चिम. तिकडून या घरात एकच माणूस आलंय. साठ वर्षांपूर्वी, आगबोटीतून पडावात आणि पडावातून बंदरावर. आजी, तुझी ट्रंक अजून माळ्यावर आहे. ग्लास वर करा."

आजीच्या हातात आगळाचा ग्लास होता. तिने तो उचलला आणि आधी विचारलं, "ट्रंक उघडून कोणी बघितली?"